परक्या पायांचं चित्र

कपड्यांच्या कारखान्यात ती एकवीस वर्षं तपासणीला होती. टेबलावर शर्ट आला की कॉलर उलटवायची, शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची, बटण ओढून बघायची, आणि खोट दिसली की लाल स्टिकर. शिवणाऱ्या बायका तिला पाठीमागे 'लालबाई' म्हणायच्या, काही जणी तर तोंडावरही. तिला त्याचं काही नव्हतं. "एक टाका सुटला म्हणून कोण मरतंय?" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "मरत कुणी नाही गं, पण पुन्हा विकत कुणी घेत नाही." एवढी खमकी बाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एखाद्या भोळ्या बाईच्या हातून झालं असतं तर मी सांगायच्या फंदातच पडलो नसतो.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सबंध गावातल्या उंच इमारती त्याला चेहऱ्याने ओळखत. एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातून वस्तरा पडला, मग तो स्वतः पडला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. बुद्धी शाबूत होती. वर्तमानपत्र हळूहळू वाचायचा, हिशेब कळायचा, कोण घरात कशाला आलंय तेही कळायचं. पण तोंडातून तीनच शब्द निघत. 'हां', 'नको' आणि 'च्यायला'. त्यातला तिसरा अगदी स्वच्छ, मधाळ उच्चाराचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओ मॅडम म्हणाल्या, असंच असतं, शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात राहतात. लालबाई म्हणाली, "कप्पा भरलेला दिसतोय यांचा."

व्यायामाला मात्र गडी हात लावू द्यायचा नाही. टाच ओढायची, गुडघा वाकवायचा, बोटं एकेक करून सोडवायची, दिवसातून तीनदा. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. तेव्हा भाचीने मोबाइल लावला. भाची म्हणजे बहिणीची मुलगी, एका ऑफिसात लोकांच्या चॅनेलचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची. ती म्हणाली, "मावशी, काकांचा रोजचा व्यायाम टाकूया. अशी कितीतरी घरं असतील, त्यांनाही उपयोग होईल." पहिल्या व्हिडिओचं शीर्षक लालबाईनेच सांगितलं : 'दिवस ३१. आज काहीच हललं नाही.'

आता बघा गंमत. काहीच न हललेला तो पाय बघायला चारशे माणसं आली. कुणाचा बाप, कुणाची सासू, कुणी स्वतः. खाली लिहून गेली, 'आमच्याकडेही नाही हललं ताई, उद्या बघू.' लालबाईने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. मग डावा हात लांब करून त्याने मोबाइल घेतला, स्वतः वाचलं, आणि भिंतीकडचं तोंड इकडे केलं. "हां," म्हणाला.

तेव्हापासून ते औषधच झालं. सकाळी चहा झाला की आधी कॉमेंट वाचायच्या, मग पाय उचलायचा. कॉमेंट वाचल्या नाहीत तर पाय उचलायचा नाही. 'दिवस ८८. अंगठा हलला, पण दोनदाच.' 'दिवस १४२. बसताना तोल राहिला, आठ सेकंद.' जे झालं ते शीर्षकात, न झालं तेही शीर्षकात. व्हिडिओच्या तोंडाशी लावायचं चित्र म्हणजे त्यातलीच एखादी फ्रेम. एकशे सत्तर दिवसांत अकरा हजार सबस्क्रायबर झाले, पण प्रत्येक व्हिडिओ बघणारी माणसं हजार-बाराशे. त्यांत एक मास्तरीणबाई होती, दूरच्या गावची. तिच्या नवऱ्याला यांच्या मागोमाग तीन आठवड्यांनी झटका आलेला. ती रोज लिहायची. 'तुमचा दिवस १४२, आमचा १२१. आमचेही बसले, पाच सेकंद. तीन सेकंदांचं कर्ज राहिलं.' तिचं लिहिणं वाचलं की लिफ्टवाला हसायचा. तोंड एका बाजूलाच हसायचं, पण हसायचा.

आणि मग आकडा अडला. महिनाभर सबस्क्रायबर वाढेनात. कॉमेंट वीसवर आल्या. लिफ्टवाला सकाळी वीस वाचून झाल्यावर आणखी मागायचा, बोट वर-वर सरकवायचा. नसल्या की तोंड पाडून बसायचा. लालबाईने भाचीला विचारलं, "असं का गं?"

"मावशी, तुझं शीर्षक वाचून नवीन माणूस कशाला दाबेल? शंभर जणांना आपलं चित्र दिसतं, तिघं दाबतात. तिघं! बाकीच्यांचं चित्र बघ." भाचीने मोबाइल पुढे धरला. वटारलेले डोळे, लाल बाण, पिवळी अक्षरं, रडणाऱ्या बायका. "आपण तीन चित्रं लावून चाचणी घेऊ शकतो. कंपनीचं मशीन निरनिराळ्या लोकांना निरनिराळं चित्र दाखवतं, आणि ज्याच्यामुळे लोक जास्त वेळ बघतात ते जिंकतं."

दिवस २०३. व्हिडिओ टाचेच्या शिरा ताणण्याचा, चौदा मिनिटांचा, कंटाळवाणा आणि कामाचा. भाचीने तीन चित्रं केली. पहिल्यात टाच. दुसऱ्यात काकांचा चेहरा. तिसऱ्यात काका खोलीच्या मधोमध उभे, ताठ, दोन्ही हात मोकळे. धड काकांचं, पाय कुणाचे कोण जाणे, कुठल्या तरी फोटोतून उचललेले. वर पिवळ्या अक्षरांत : 'ते उभे राहिले!!'

लालबाईने तिसरं चित्र हातात घेतलं. इथे तिने काय म्हणायला हवं होतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो. एकवीस वर्षं चूक हुडकणारी बाई. तिने चित्र मोठं केलं, डोळ्याजवळ नेलं, आणि म्हणाली, "गुडघ्याची सावली उलट्या बाजूला पडलीये. खिडकी डावीकडे आहे आपली."

"करते नीट," भाची म्हणाली.

"आणि लेंग्याचा रंग वरच्यापेक्षा उजळ आहे. लगेच कळतंय."

झालं! लाल स्टिकर तिच्या खिशात होतं. तिने ते लावलं नाही, उलट माल दुरुस्त करून घेतला. मनाची समजूतही घातली. एकदाच. माणसं येतील, आल्यावर टाचेचा व्यायाम शिकतील, भलंच होईल. "आणि उभे राहतीलच की ते कधीतरी," ती म्हणाली. भाची म्हणाली, "मग काय, आज नाही तर उद्या."

तिसरं चित्र जिंकलं. जिंकणारच. शंभरातली चौदा माणसं दाबू लागली, आणि दाबणारी हटेचनात. आता उभे राहतील, मग उभे राहतील, म्हणून चौदाच्या चौदा मिनिटं टाचेकडे बघत बसली. मशीनला वाटलं, वा, काय व्हिडिओ आहे! त्याने तो आणखी पसरवला. चार दिवसांत पावणेतीन लाख. पहिल्या दिवशी आलेल्या कॉमेंट साध्याभोळ्या, बहुतेक व्हिडिओ न बघताच लिहिलेल्या : 'अभिनंदन काका', 'डोळ्यांत पाणी आलं'. लालबाईने त्याच तेवढ्या वाचून दाखवल्या. लिफ्टवाला गोंधळला. कशाबद्दल अभिनंदन, असं भुवयांनी विचारलं. "अहो, टाच सुटली ना तुमची," ती म्हणाली. त्याने त्या दिवशी चार वेळा व्यायाम केला.

पाचव्या दिवशी मास्तरीणबाईची कॉमेंट आली. ती एरवी कधी लांब लिहायची नाही.

'ताई, मी चित्र बघितलं आणि मोबाइल तसाच यांच्या तोंडासमोर धरला. म्हटलं, बघा, तुमच्या बरोबरीचा माणूस उभा राहिला, आणि तुम्ही लोळताय. आळशी म्हटलं. आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. ते रडले. त्यांनी तीन दिवस व्यायामाला पाय दिला नाही. म्हणाले, त्याला जमलं ते मला जमत नाही, तर माझं संपलं. मग मी व्हिडिओ उघडला. शेवटपर्यंत बघितला. दोनदा बघितला. ताई, ते पाय कुणाचे आहेत?'

भाचीने ती कॉमेंट उडवली. मास्तरीणबाईने पुन्हा टाकली. भाचीने तिला बंदच केलं. तोवर त्या कॉमेंटचा फोटो काढून दुसऱ्याच कुणी टाकला होता, आणि त्याच्याखाली माणसं जमली. जुनी माणसं, दिवस ३१ पासूनची. शिव्या देणारे परवडतात, हे शिव्या देत नव्हते. 'तुमच्यावर विश्वास होता' म्हणत होते आणि जात होते. जाणं असं की सबस्क्रायबरचा आकडा फारसा हललाच नाही. चॅनेल सोडायचे कष्टही कोण घेतं? नुसतं समोर आलं की बोटाने पुढे ढकलायचं. काहींनी 'हे चॅनेल दाखवू नका' दाबलं, काहींनी तक्रार केली.

आठवड्याने कंपनीचा इंग्रजीत मेल आला. भाचीने वाचून सांगितला. व्हिडिओत नाही ते चित्रात आणि शीर्षकात दाखवून प्रेक्षकांची दिशाभूल केली, म्हणून व्हिडिओ काढला. पहिलीच वेळ, म्हणून फक्त ताकीद. नियमांचा छोटा ऑनलाइन धडा पुरा केला आणि नव्वद दिवस पुन्हा तसली चूक केली नाही, तर ताकीदही पुसली जाईल.

"म्हणजे सुटलो," भाची म्हणाली. धडा तिने चहा पिता पिता उरकला.

सुटले कुठले! ताकीद कागदावरची, ती कागदावरूनच जाते. पुढच्या व्हिडिओला, खऱ्या चित्राला, खऱ्या शीर्षकाला, दोनशे माणसं. त्याच्या पुढच्याला एकशे साठ. "ते काही मुद्दाम नाही करत मावशी," भाचीने समजावलं. "ज्याने मागच्या वेळी चरफडून बंद केलं, त्याला मशीन पुन्हा आपलं दाखवत नाही. ज्याला दाखवतं तो दाबत नाही. तो दाबत नाही म्हणून आणखी कुणाला दाखवत नाही." लालबाईला हे बरोबर कळलं. कारखान्यात एकदा गठ्ठा परत आला की पुढचे चार गठ्ठे न उघडताच परत यायचे.

पण सकाळचं औषध थांबवून चालणार नव्हतं. मग लालबाई कॉमेंट मनाने रचू लागली. मोबाइल आपल्याच तोंडासमोर धरायचा, त्याच्या हाती द्यायचा नाही, आणि नसलेलं वाचायचं. 'काका, तुमच्याकडे बघून आमचे वडील बसू लागले.' आवाज बदलून, मधे अडखळून, अगदी हुबेहूब. मास्तरीणबाईच्या नावानेही दोन-तीन रचल्या. हात सराईत झाला की काम जमतंच.

आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना त्याने मोबाइल घेतला. ती बाहेर आली तर तो एका बोटाने हळूहळू सरकवत होता. काढून टाकलेल्या चित्राचा फोटो कुणीतरी जपून ठेवला होता. लिफ्टवाला स्वतःला उभं बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्याने पांघरूण बाजूला केलं, आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

"अहो, भाचीने केलंय ते," लालबाई म्हणाली.

"च्यायला," तो म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

एकोणीस दिवस पाय दिला नाही. टाच पुन्हा आखडली. शेवटी फिजिओ मॅडमच तडकल्या. "काका, लोकांना दाखवायला उभं राहायचंय, की संडासात स्वतःच्या पायाने जायला?" त्याला हसू फुटलं. अर्ध्या तोंडाचं. आणि पाय पुढे आला.

तर तो माणूस खरोखरच उभा राहिला. दिवस २५१. कमरेला फिजिओचा रुंद पट्टा, पट्टा मॅडमच्या मुठीत, समोर टेबल, मागे खुर्ची, उजव्या बाजूला लालबाई. चाळीस सेकंद. गुडघा थरथरत होता, पण धरून होता. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास! आता रोज दोनदाच, मिनिटभर. पट्टा नाही तर उभं राहणं नाही. डावीकडून कुणी धरू नका, आजारी बाजूला राहा. आणि दमले की बसवा, हट्ट नाही." लालबाईने सगळं वहीत लिहिलं.

व्हिडिओ टाकला. एकही तुकडा कापला नाही. 'दिवस २५१. उभे राहिले, चाळीस सेकंद, आधाराने.' तीनशे दहा माणसांनी बघितला. सकाळी लालबाई वाचायला लागली आणि तिची जीभ अडली, कारण तो बाजूलाच बसून स्वतः वाचत होता.

'या वेळी पाय कुठून आणले?'

'पट्टा धरलाय, म्हणजे लटकवलंय. उभा नाही राहिला.'

'अरे जोडकाम छान झालंय, सावली पण बरोबर घेतलीये.'

आठ महिने घाम गाळून उभा राहिलेला माणूस. त्याने मोबाइल गादीवर टाकला आणि डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटली. मग बोटाने मोबाइलकडे खूण केली, स्वतःकडे केली, पुन्हा मोबाइलकडे. लालबाईला कळलं. त्याला थेट दाखवायचं होतं. थेट प्रक्षेपणात कापाकापी कुठली?

रविवारी दुपारी चारला ठरलं. फिजिओ मॅडमची रविवारी सुट्टी. त्यांना कळवलंच नाही. भाची मोबाइल धरून उभी. आदल्या दिवशी घोषणा टाकलेली, 'उद्या थेट, तुमच्यासमोर'. तमाशा म्हटला की माणसं जमतात. सातशे जण आले, पुढे अकराशे झाले. पट्टा बांधला, टेबल धरलं, तो उभा राहिला. चेहरा लाल, डोळे मोबाइलवर. पन्नास सेकंद. खाली अक्षरं धावत होती.

'टेबल सोडायला सांगा.'

बसवला. पाणी दिलं. पुन्हा उभा केला. टेबलावरचा हात दोन सेकंद सुटला, पुन्हा टेकला. तो घामाने भिजला होता, पण हसत होता. दोनदा झालं. दिवसाचा वाटा संपला.

'पट्टा काढा मग मानू.'

'हो, पट्टा काढा. चित्रात कुठे होता पट्टा?'

"मावशी, बस झालं," भाची म्हणाली. खरं सांगतो, त्या पोरीने म्हटलं. लालबाईची नजर मात्र त्या धावत्या ओळींवरून हलेना. अकराशे माणसं, आणि तिच्या मालावर लाल स्टिकर लावत चाललेली. तिने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"अहो, एकदा. एकदाच," ती म्हणाली आणि पट्ट्याचं बकल सोडलं.

"नको," लिफ्टवाला म्हणाला.

"पाच सेकंद. मी आहे ना शेजारी."

"नको. नको."

"मग बसा जन्मभर खोटे ठरून!" तिने काखेत हात घालून त्याला उठवला. तो उठला. टेबल तिने पायाने दूर सारलं आणि चौकटीत आपण दिसायला नको म्हणून एक पाऊल बाजूला झाली. तो उभा होता. पट्ट्याशिवाय, टेबलाशिवाय, खोलीच्या मधोमध. एक, दोन, तीन, भाचीच्या तोंडून मोजणी निघाली. चौथ्याला गुडघा गेला. तो खुर्चीच्या काठावर कुल्ल्याने आदळला आणि फरशीवर पडला. आवाज मोबाइलमध्ये स्वच्छ आला.

हॉस्पिटलच्या बाकावर भाची येऊन बसली. प्रक्षेपण बंद केल्यावर रेकॉर्डिंग आपोआप चॅनेलवर चढलं होतं. तीन तासांत चाळीस हजार. "लोक माफी मागताहेत मावशी," तिचा आवाज बसला होता. "म्हणताहेत, आता पटलं." मास्तरीणबाईनेही दुसऱ्या कुठल्या खात्यावरून लिहिलं होतं : 'तो माणूस खरा आहे. पहिल्यापासून खराच होता. बाई, तुम्ही कोण आहात?' भाची म्हणाली, "मी काढून टाकते व्हिडिओ."

"थांब." लालबाईने मोबाइल घेतला. मशीनने रेकॉर्डिंगमधूनच तीन फ्रेम काढून विचारलं होतं, यातलं कुठलं चित्र लावू? पहिल्यात तो टेबल धरून. दुसऱ्यात मोकळा उभा, पण हललेला, धूसर. तिसऱ्यात पडताना, तोंड उघडं, डोळे थेट कॅमेऱ्यात. तिने तिन्ही मोठी करून पाहिली.

"यात खोटं काही नाही ना?"

"नाही," भाची म्हणाली. "पण मावशी..."

"मग तिसरं लाव. चेहरा स्पष्ट आहे."

तेवढ्यात परिचारिकेने आत बोलावलं. लिफ्टवाला खाटेवर होता, पाय वजन बांधून ताणलेला. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. शस्त्रक्रिया होईल, पण चालण्याचं आता विसरा, असं डॉक्टर बाहेरच सांगून गेले होते. परिचारिकेच्या हातात फॉर्म होता.

"कसे पडले?"

"तोल गेला," लालबाई म्हणाली. "संडासला जाताना."

"कमरेचा पट्टा बांधला होता?"

"होता की. पट्ट्याशिवाय मी उठवतच नाही यांना."

परिचारिकेने लिहून घेतलं. खाटेवर काहीतरी हललं. लिफ्टवाल्याचे ओठ जुळत होते, सुटत होते, पुन्हा जुळत होते. तोंडाची चांगली बाजू ओढली गेली, कपाळावर शीर आली.

"खोटं," तो म्हणाला.

"अगं बाई, बोलतात की हे!" परिचारिका कौतुकाने म्हणाली. "तुम्ही तर म्हणालात वाचा गेलीये."

"तीनच शब्द येतात त्यांना," लालबाई म्हणाली. "हा चौथा."

"खोटं," त्याने पुन्हा म्हटलं, आणि ती सही करत होती तोवर म्हणतच राहिला.